सकाळी ग्राउंड, दुपारी परत ग्राउंड: मधल्या सात तासांत क्रिएटिन काय करतं आणि काय नाही

आमच्याकडून क्रिएटिन नेणाऱ्यांमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली बरीच आहेत, आणि त्यांचा एक प्रश्न सारखा येतो की सकाळचं सेशन झाल्यावर दुपारच्या आधी एक एक्स्ट्रा स्कूप मारला तर रिकव्हरी फास्ट होईल का. तर नाही, त्या एक्स्ट्रा स्कूपने तसं होतं हे कुणी दाखवलेलं नाही, आणि आम्ही स्वतः पावडर विकतो तरी हेच सांगतो. का ते नीट समजून घ्या.

मसलमध्ये दोन वेगळे साठे असतात. एक फॉस्फोक्रिएटिनचा, जो 100 मीटर किंवा गोळाफेक अशा काही सेकंदांच्या फुल पॉवरच्या कामाला लागतो. हा पटकन संपतो पण तितकाच पटकन भरतो, स्प्रिंट मारून तीन ते पाच मिनिटं थांबलात की बराचसा परत आलेला असतो. म्हणजे दोन सेशनमध्ये सात तासांचा गॅप असेल तर हा साठा तुम्ही क्रिएटिन घ्या किंवा नका घेऊ, कधीच भरून झालेला असतो. क्रिएटिनचं खरं काम हे की रोज घेतल्याने हा साठाच थोडा मोठा होतो, त्यामुळे एकाच सेशनमध्ये शेवटचे रिपिटेशन्स जरा जास्त दमाने निघतात. रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर साठा पूर्ण व्हायला साधारण चार आठवडे लागतात. घाई असेल तर पाच-सहा दिवस रोज 20 ग्रॅम, चार वेळा विभागून घेतात, पण त्यात काहींचं पोट बिघडतं आणि महिन्याअखेर दोघांचा साठा सारखाच होतो, म्हणून आम्ही साधा मार्ग सुचवतो. एकदा साठा भरला की आजचा स्कूप सकाळी घेतला की दुपारी की रात्री जेवताना, याने फारसा फरक पडत नाही.

दुसरा साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे खाल्लेल्या भात-भाकरीतली साखर मसलमध्ये साठवलेली. दुपारी पाय जड का पडतात याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. हा हळू भरतो, खाणं व्यवस्थित असलं तरी तासाला साधारण 5 टक्के धरा, पूर्ण रिकामा झाला तर 20 ते 24 तास. म्हणजे सात तासांत साधारण एक तृतीयांश, म्हणून तो वेळ वाया घालवायचा नाही. व्यायाम संपल्या संपल्या मसल साखर जास्त वेगाने ओढून घेतं, दोन तास उपाशी राहिलात तर तो वेग बराच कमी होतो. आंघोळ, झोप, मोबाईल आणि मग एकदम बाराला जेवण, ही जी सवय आहे ना तीच सगळ्यात महागात पडते.

किती खायचं? पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागे तासाला 1 ते 1.2 ग्रॅम कार्ब्स. समजा मुलगा 60 किलोचा आहे, सकाळचं ग्राउंड साडेआठला सुटतं आणि दुपारचं साडेतीनला आहे. त्याला तासाला 60 ते 70 ग्रॅम लागतील. साडेआठला ग्राउंडवरच दोन केळी आणि पाच चमचे साखरेचं लिंबू सरबत चिमूटभर मीठ घालून, हे झाले साधारण 75. साडेनऊला घरी मोठी प्लेट पोहे (सुके 75 ग्रॅम, तेल कमी) आणि गोड चहा, साधारण 65. साडेदहाला परत दोन केळी आणि थोडा गूळ, साधारण 65. साडेअकराला दोन चपात्या, वाटीभर भात, वरण, हे 80 च्या आसपास. वरणाबरोबर दही, अंडी किंवा पनीर घ्या, कारण मसलच्या दुरुस्तीला प्रोटीन लागतंच आणि कार्ब्स कमी पडत असतील तर प्रोटीनने ग्लायकोजेन भरायलाही थोडी मदत होते. मग तीनपर्यंत पोट हलकं होतं. वडापाव, मिसळ वगैरे रात्री खा, तेलकट खाणं पोटात जास्त वेळ राहतं आणि मधे बाकीचं खायची इच्छाच मरते. पाण्याचं म्हणाल तर सकाळी ग्राउंडच्या आधी आणि नंतर वजन करा, एक किलो उतरलं असेल तर दुपारपर्यंत सव्वा ते दीड लिटर हळूहळू प्यायचं.

हे सगळं दोन हार्ड सेशन एकाच दिवशी असतील तेव्हाच. पुढचं सेशन उद्या सकाळी असेल तर तासातासाला मोजत बसू नका, दिवसभराचं एकूण खाणं बरोबर असलं की बास. सकाळी नुसतं गोळाफेक आणि स्ट्रेचिंग झालं असेल तरीही इतकं लागत नाही.

आता जे सिद्ध झालेलं नाही ते. क्रिएटिनमुळे ग्लायकोजेन जास्त साठतं असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात पुरुषांना सायकलवर पूर्ण दमवलं आणि मग भरपूर कार्ब्सबरोबर रोज 20 ग्रॅम क्रिएटिन दिलं, तेव्हा पहिल्या 24 तासांत त्यांचं ग्लायकोजेन नुसत्या कार्ब्सवाल्यांपेक्षा जास्त भरलं. गोष्ट इंटरेस्टिंग आहे, पण माणसं थोडी, डोस मोठा, आणि मोजमाप दुसऱ्या दिवशी झालं, पाच-सात तासांनी नाही. त्यामुळे याच्या जोरावर दुपारचं सेशन सुधारतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अंग कमी दुखतं या दाव्याचंही तसंच, काही अभ्यास हो म्हणतात, काही नाही.

तुमच्यावर काय चाललंय ते घड्याळ लावून बघा. दुपारच्या सेशनला सारख्या अंतराचे आठ स्प्रिंट, सारखी विश्रांती, आणि प्रत्येकाचा टाइम वहीत. पहिले दोन-तीन नेहमीसारखे आणि पुढचे घसरत गेले तर आधी मधल्या खाण्याकडे बघा. पहिल्यापासूनच सगळे स्लो असतील तर झोप, उन्हाने झालेलं डिहायड्रेशन किंवा सलग जास्त झालेला लोड असू शकतो, तिथे पावडर आणि केळी दोन्ही कामाची नाहीत, एक सेशन हलकं करा.

भरतीवाल्यांसाठी अजून एक, हे नीट वाचा. क्रिएटिनने मसलमध्ये पाणी धरलं जातं, सुरुवातीला वजन एक-दीड किलो वाढू शकतं. 100 मीटर आणि गोळ्याला ते चालतं, पण 1600 मीटर धावताना तेच वजन सोबत न्यायचं असतं, म्हणून फिजिकलच्या आठवड्यात पहिल्यांदा सुरू करू नका. सुरू करायचं तर दीड-दोन महिने आधी, आणि 1600 चा टाइम दर आठवड्याला बघत राहा. बिघडत असेल तर बंद करा, डबा परत आणला तर आम्हाला राग नाही.

किडनीचा त्रास असेल, त्यासाठी औषध चालू असेल किंवा वय 18 च्या आत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्ततपासणी करायची असेल तेव्हाही क्रिएटिन घेतो हे आधी सांगा, कारण त्याने रिपोर्टमधलं क्रिएटिनीन वाढलेलं दिसू शकतं आणि उगाच सगळं घर घाबरतं.