खर्चाधारित आणि मूल्याधारित किंमत (लहान सेवा व्यवसायात)

कामाला आलेला खर्च काढून त्यावर ठरावीक नफा चढवला की होते ती खर्चाधारित किंमत. त्या कामामुळे गिऱ्हाइकाचे किती पैसे वाचतात किंवा वाढतात हे पाहून दर लावला की ती मूल्याधारित किंमत. पहिलीचा हिशेब आपल्या वहीत सापडतो, दुसरीसाठी गिऱ्हाइकाची वही समजून घ्यावी लागते.

मुंबईतल्या फ्रिज दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकचे उदाहरण घेऊ. समजा, महिन्याला घरखर्चासाठी ४०,००० रुपये, हेल्परला १५,०००, गाळ्याचे भाडे १०,००० आणि पेट्रोल, फोन, हत्यारे मिळून ७,००० असे ७२,००० रुपये सुटायला हवेत. २६ दिवस रोज आठ तास धरले तर २०८ तास होतात आणि तासाला साधारण ३४६ रुपये पडतात. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोकलचा प्रवास, पार्ट आणायला मारलेल्या खेपा, ‘बघून सांगतो’ म्हणून फुकट केलेल्या फेऱ्या वजा केल्या, तर बिल लावता येतील असे जेमतेम १२० तास उरतात. म्हणजे तासाचा खरा खर्च ६०० रुपये, आणि वीस टक्के नफा धरून दर ७२०. दिवसभर राबूनही महिनाअखेरीला हात रिकामा राहत असेल, तर आधी हा आकडा तपासावा.

आता दादरच्या एका मिठाईवाल्याने त्याच्या चिलरसाठी वर्षाचे कंत्राट, म्हणजे एएमसी, मागितली. महिन्याला एक फेरी आणि अधूनमधून बिघाड मिळून वर्षाला ३० तास, त्याचे २१,६०० रुपये. मालकाला हवे आहे ते मात्र तीन तासांत हजर होण्याचे वचन, सणाच्या रात्रीसुद्धा. त्यासाठी हेल्परला जादा पैसे आणि एक पर्यायी चिलर तयार ठेवणे, हे आणखी ६,०००. खर्चाधारित किंमत झाली २७,६०० रुपये. पार्टचे पैसे वेगळे.

मालकाची वही वेगळेच सांगते. गेल्या वर्षी चिलर दोनदा बंद पडून चक्का, श्रीखंड, पेढे असा ७०,००० रुपयांचा माल टाकावा लागला. दुसरा मेकॅनिक १८,००० रुपयांत एएमसी देतो, पण फोन केला की दुसऱ्या दिवशी उगवतो. नियमित देखभालीमुळे त्याच्याकडेही नुकसान ४५,००० वर येईल. तीन तासांत माणूस पोहोचला तर ते ५,००० वर येईल. म्हणजे आपल्या सेवेचा जादा फायदा ७०,००० नव्हे, दुसऱ्याच्या तुलनेत उरणारा ४०,००० रुपयांचा. त्याचे १८,००० मिळवले की ५८,००० ही कमाल मर्यादा होते.

ती मर्यादा गाठू नये. गेल्या वर्षीचे नुकसान यंदाही होईल याची खात्री नाही, आणि तो धोका मालक पत्करतो आहे. महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये सांगितले, तर मालक १८,००० जास्त देऊन ४०,००० वाचवतो आणि मेकॅनिकला खर्चाधारित किमतीपेक्षा ८,४०० जास्त मिळतात. दर मात्र आधी ठरलेला हवा. दसऱ्याच्या आदल्या रात्री बंद चिलरसमोर उभे राहून तिप्पट पैसे मागणे ही अडवणूक आहे, तिला मूल्याधारित किंमत म्हणता येणार नाही.

ही पद्धत केव्हा वापरावी? फायदा रुपयांत मोजता येतो, तो आपल्याच कामामुळे होतो आणि शेजारचा दुसरा कोणी तो तसाच देऊ शकत नाही, तेव्हा. घरच्या फ्रिजला हे लागू होत नाही. तिथे दूध-भाजीचाच प्रश्न असतो आणि गल्लीत चार मेकॅनिक असतात, म्हणून व्हिजिट चार्ज, मजुरी आणि पार्ट हाच हिशेब योग्य. काही व्यवसायांत नियमच आडवे येतात: वकिलाला खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, आणि सनदी लेखापालांवरही काही अपवाद वगळता असेच बंधन आहे.

वचन पाळता येईल का, हेही पाहावे लागते. पावसात रुळांवर पाणी भरून मध्य रेल्वे थांबली, तर कल्याणचा मेकॅनिक दादरला तीन तासांत पोहोचणार नाही. परळ किंवा माटुंग्याला राहणारा हेल्पर असेल तरच असे कंत्राट घ्यावे.

खरी अडचण दुसऱ्या वर्षी येते. चिलर वर्षभर नीट चालला की मालक म्हणतो, “काही बिघडलंच नाही, मग एवढे पैसे कशाचे?” म्हणून दुकानातच एक वही ठेवावी. चार अंशांवर राहणारा चिलर आठवर गेला होता, कॉम्प्रेसर न थांबता चालत होता, कंडेन्सरची जाळी धुतली, दाराचे रबर बदलले, पुन्हा चार अंश आले, अशी प्रत्येक फेरीची तारखेनिशी नोंद करावी आणि खाली मालकाची सही घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी दराची बोलणी हीच वही उघडून करावीत.