ब्रेकडाउन वेगळं, शेड्यूल वेगळं: गिरगावातल्या एका लघुपटाचे चार दिवस

लघुपटाची स्क्रिप्ट लॉक झाली की बरेच नवे एडी, म्हणजे सहायक दिग्दर्शक, लगेच एक्सेल उघडतात आणि पहिल्याच रकान्यात तारीख टाकतात. पुढे सीन नंबर, लोकेशन, कलाकार, कपडे असे रकाने वाढत जातात आणि त्या सगळ्याला कुणी ब्रेकडाउन म्हणतं, कुणी शेड्यूल. प्रत्यक्षात ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एका पाठोपाठ एक करायची असतात. प्रत्येक सीनला काय काय लागणार, हे ब्रेकडाउनमध्ये लिहायचं. त्यात कुणाची तारीख नसते, भाडं नसतं, परवानगी मिळाली की नाही हेही नसतं. त्या गरजा कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमाने भागवायच्या, हे शेड्यूल ठरवतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी परीक्षा मी नेहमी वापरतो. उद्या एखाद्या नटाची तारीख बदलली, तर ब्रेकडाउनमधला एक शब्दही बदलता कामा नये. बदलावा लागला, तर तुम्ही त्यात शेड्यूल मिसळलेलं आहे. उलट, सीन नव्याने लिहिला गेला तर आधी ब्रेकडाउन दुरुस्त करायचं आणि मगच शेड्यूलला हात लावायचा.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. दहा पानांची स्क्रिप्ट आहे. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, म्हणजे फिल्म दहा मिनिटांच्या आसपास. नोकरी गेल्याचं बाबांनी घरी सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतात आणि समुद्रावर बसून राहतात. नऊ वर्षांच्या मुलाला ते कळतं आणि तो आजीला सांगतो. सीन आठ आहेत:

1. चाळीतली खोली, सकाळ. आजी, बाबा, नातू. दीड पान.
2. चाळीची गॅलरी, सकाळ. बाबा, नातू. अर्धं पान.
3. समुद्रावरचे खडक, दुपार. बाबा एकटे. पाऊण पान.
4. खोली, रात्र. आजी, बाबा. पावणेदोन पानं.
5. इराणी हॉटेल, दुपार. बाबा, मित्र. दीड पान.
6. गॅलरी, दिवेलागण. आजी, नातू. पाऊण पान.
7. खडक, संध्याकाळ. तिघंही. सव्वा पान.
8. खोली, रात्र. तिघंही. दोन पानं.

पान आठ भागांत मोजायची पद्धत आहे आणि आपल्या पाव-अर्धा-पाऊणमध्ये ती आरामात बसते. पण वरची यादी म्हणजे अजून ब्रेकडाउन नव्हे. प्रत्येक ओळीत लपलेली मागणी बाहेर काढली की ब्रेकडाउन तयार होतं.

सीन 7 घ्या. स्क्रिप्टमध्ये एवढंच आहे की नातू बाबांकडे धावतो आणि त्याची चड्डी भिजते. यातून ब्रेकडाउनमध्ये काय उतरतं? खडक उघडे हवेत, म्हणजे ओहोटी हवी. उजेड मावळतीचा हवा. चड्डीचे एकसारखे निदान तीन जोड हवेत, कारण पहिल्या टेकला ती भिजणार आणि दुसऱ्या टेकला कोरडी लागणार. खडकांवर मुलावर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस हवा. शिवाय कथेतला दिवस कोणता तेही नोंदवायचं. इथे सीन 1 ते 4 पहिला दिवस, 5 आणि 6 दुसरा, 7 आणि 8 तिसरा. हा रकाना नवखे हमखास गाळतात आणि नेमका तोच पुढे कामाला येतो.

मूल काम करणार असल्याने आणखी एक नोंद येते. बालकामगार कायद्याखालच्या 2017 च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याचं शिक्षण बुडता कामा नये. निर्मात्याला परवानगी घ्यावी लागते ती जिथे काम होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची. आपली चाळ गिरगावात, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्यात, आणि खडक वांद्र्याच्या बँडस्टँडचे, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यात. म्हणून लोकेशनच्या नावापुढे जिल्हाही लिहायचा, म्हणजे एकाच अर्जावर भागेल असा गैरसमज राहत नाही.

ब्रेकडाउन इथे संपतं. आता कॅलेंडर उघडायचं.

महिना डिसेंबरचा. आजीचं काम करणाऱ्या बाई नाटकात आहेत. गुरुवार-शुक्रवार मोकळ्या, शनिवारी चारचा प्रयोग दादरला असल्याने दुपारी एकला निघणार, रविवारी दौऱ्यावर. बाबा मालिकेत आहेत आणि त्यांनी शुक्रवार, शनिवार, रविवार दिले आहेत. मुलाची शाळा सकाळची, साडेबाराला सुटते, शनिवार-रविवार सुट्टी. चाळीतली खोली कुणाचं तरी राहतं घर आहे. त्यांनी शुक्रवार आणि शनिवार दिला आहे. हॉटेलचे मालक रविवारी सकाळी सहा ते साडेदहा एवढीच वेळ देतात.

अशा वेळी जी गोष्ट कुणाच्याच हातात नाही ती आधी बसवायची, म्हणजे समुद्र. कोकणातला जुना हिशोब आहे की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणून भरती साडेदहाच्या सुमारास आणि ओहोटी सव्वासहा तासांनी, पावणेपाचच्या आसपास. मुंबईत डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सीन 7 ला तिघं लागतात आणि बाई संध्याकाळी मोकळ्या असून बाबाही असणारा वार एकच, शुक्रवार. म्हणजे चतुर्दशीला किंवा तिच्या अलीकडे-पलीकडे येणारा शुक्रवार शोधायचा. नेमकी वेळ अर्थातच भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून पक्की करायची. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे आठवडाभराने शूट ढकललं तर त्याच वेळी खडकांवर पाणी असेल. बाकी सगळे शुक्रवारला हो म्हणाले तरी समुद्र म्हणणार नाही.

यावरून सीन 3 ची अडचणही लगेच दिसते. स्क्रिप्ट म्हणते दुपार, पण त्या दिवशी बारा वाजता खडक अजून पाण्यात असतील. तो सीन अडीचनंतर घ्यायचा, डिसेंबरचं अडीचचं ऊन दुपार म्हणून चालतं. मग शुक्रवार असा लागतो: सकाळी सात ते अकरा खोलीत सीन 4, खिडक्यांना काळं कापड लावून रात्र करायची. अकराला सामान बांधायचं. गिरगाव ते वांद्रे गाडीचा वेळ कमी असतो, पण लाइट उतरवणं, चढवणं, जेवण यात दोन-अडीच तास जातात आणि ते शेड्यूलमध्ये सीनसारखेच लिहायचे. अडीचला सीन 3. मूल शाळेतून जेवून तीनला पोहोचतं आणि सीन 7 चारपासून मावळतीपर्यंत. एकूण पावणेचार पानं.

शनिवारी खोलीत सीन 1 आणि सीन 8, दोन्ही तिघांचे, साडेतीन पानं. आजी एकला जाणार. मूल साडेसातला आलं तर साडेबाराला त्याचे पाच तास संपतात, आणि मध्ये विश्रांतीही द्यायची आहे. साडेतीन पानं त्यात बसत नाहीत. वर सीन 6 लोंबकळतोच आहे. त्याला आजी आणि खरी दिवेलागण हवी, पण शुक्रवारची संध्याकाळ समुद्राने घेतली आणि शनिवारी आजी दादरला.

शेड्यूल अडलं की काही जण सीन 6 ची वेळ परस्पर सकाळ करून टाकतात. ते दिग्दर्शकाला न विचारता करायचं नाही, कारण आजी दिवा लावत असताना मुलाने सांगणं हा त्या सीनचा प्राण आहे. त्याऐवजी पुन्हा ब्रेकडाउनकडे जायचं. सीन 8 नीट वाचला तर दिसतं की पहिल्या पानाअखेर बाबा खोलीतून उठून जातात आणि दुसऱ्या पानावर फक्त आजी-नातू उरतात. म्हणजे तो 8अ आणि 8ब असा तोडता येतो, आणि 8ब ला बाबांची गरजच नाही. गुरुवारी बाई मोकळ्या, मूल दुपारनंतर मोकळं. खोलीच्या मालकांकडे गुरुवारची अर्धी संध्याकाळ जादा मागायची. तीन ते सात: दिवेलागणीला गॅलरीत सीन 6, अंधार पडल्यावर खोलीत 8ब. पावणेदोन पानं आणि लहानसं युनिट.

शनिवारी मग सीन 1 सकाळच्या उजेडात, नंतर काळं कापड आणि 8अ. अडीच पानं, साडेबाराला मूल मोकळं. दुपारी बाबा हाताशी असतात, तेव्हा डब्याचे, चपलांचे जवळचे शॉट. रविवारी सकाळी हॉटेलात सीन 5, मग चालत चाळीत जाऊन सीन 2. गॅलरी उत्तरेला तोंड करून आहे, त्यामुळे अकराचा उजेड आठसारखा दिसतो. लोकेशन आधी बघून आलो त्या रेकीत दिशा नोंदवली होती म्हणून हे करता आलं.

आता कथेतल्या दिवसाचा रकाना कामाला येतो. 8ब गुरुवारी, सीन 7 शुक्रवारी, 8अ शनिवारी, पण कथेत तिन्ही एकाच संध्याकाळचे. म्हणजे समुद्रात जाण्याआधीच, गुरुवारी, मुलाची चड्डी भिजलेली आणि वाळू लागलेली दिसायला हवी. कुठपर्यंत, ते कॉस्च्युमवाल्यांनी गुरुवारी ठरवायचं, फोटो काढून ठेवायचा आणि शुक्रवारी मुलाला पाण्यात तितकंच जाऊ द्यायचं. आजीचं लुगडं, ताटातला उरलेला भात, यांचंही तसंच. ज्याने ब्रेकडाउन न करता थेट तारखा टाकल्या असतील, त्याला हा घोटाळा एडिटवर दिसेल आणि तेव्हा खोलीही नसेल, ओहोटीही नसेल.

पानांच्या हिशोबाला एक मर्यादा आहे. पाऊण पानाचा सीन 3 संवादाविना आहे, पण खडकांवर कॅमेरा उभा करायलाच वेळ जातो. दोन पानांचा टेबलाभोवतीचा संवाद त्याहून लवकर उरकतो. म्हणून शेड्यूल झाल्यावर दिवसाची पानं मोजून थांबू नका, प्रत्येक सीनचे शॉट किती आणि लाइट किती वेळा बदलायचे ते कॅमेरामनबरोबर बसून बघा. या उदाहरणात शुक्रवार पानांनीही जड आहे आणि शॉटांनीही. तिथे काही सोडावं लागलं तर सीन 3 आधी सोडायचा, कारण त्याला फक्त बाबा लागतात आणि ते रविवारी दुपारी मोकळे आहेत. तेव्हा ओहोटी शुक्रवारपेक्षा सुमारे पावणेदोन तास उशिरा, साडेसहाच्या आसपास येईल. म्हणून साडेचारच्या आत खडकांवर उभं राहायला जागा मिळते का, ते शनिवारीच एखाद्याला वांद्र्याला पाठवून बघून घ्यायचं.