फिनेल, टॉयलेट क्लीनर आणि संडासातला पिवळा कडा

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात बऱ्याच घरांत पिण्याला नळाचं पाणी आणि संडासाला बोअरचं. बोअरचं पाणी जड असतं. त्यामुळे भांड्यात पाण्याच्या रेषेवर पिवळट, खरखरीत कडा बसतो आणि मग घरात जी बाटली सापडेल ती त्यावर ओतली जाते. फिनेल आणि टॉयलेट क्लीनर दोन्ही उग्र, दोन्ही संडासाच्या कोपऱ्यात ठेवलेली, म्हणून एकाच्या जागी दुसरं चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात दोघांची कामं अजिबात जुळत नाहीत.

काळं फिनेल म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेली तेलं आणि ती पाण्यात मिसळावीत म्हणून घातलेला साबण. वास त्या तेलांचाच, कारण ती साध्या हवेतही उडतात. जंतू मारण्याची ताकद त्यात असते, पण दगडासारखा बसलेला क्षार त्याने तसूभरही हलत नाही. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइन तेल असायला हवं. सुट्या, स्वस्त फिनेलमध्ये मात्र पुष्कळदा पाणी, साबण आणि सुगंध एवढंच असतं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं झालं म्हणजे माल चांगला, ही परीक्षा फसवी आहे. त्यातून फक्त तेल पाण्यात नीट पसरलं एवढंच कळतं. उलट जड पाण्यात साबण फाटतो, तेल वर तवंग धरतं, आणि फरशीवर चिकट पट्टे राहतात. त्या पट्ट्यांवर धूळ बसते, वास मात्र दिवसभर दरवळतो.

टॉयलेट क्लीनर म्हणजे साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. उभ्या भिंतीवर टिकावं म्हणून ते घट्ट केलेलं असतं आणि वर रंग, सुगंध. नाकाला झोंबतं ते आम्लाची वाफ, गोड वाटतो तो तिच्यावर पांघरूण घालणारा सुगंध. क्षार विरघळवायचं काम ते खरंच करतं. पण शहाबादी फरशी हा चुनखडीचाच दगड असल्यामुळे तेच आम्ल फरशीही खातं. सांडलं की फेस येतो, चकाकी जाते, आणि त्या खडबडीत जागी पुढे मळ जास्त धरतो. मोरीत शहाबादी असेल तर क्लीनर भांड्याबाहेर जाऊ देऊ नये.

आता वासाचं. नाकाला काही रेणू पुरतात, आणि थोड्या वेळात नाक सरावतंही. म्हणून पहिल्या दिवशी झाकण भरून टाकलेलं फिनेल महिन्याभराने अर्ध्या वाटीवर जातं. लघवीचा वास मूळच्या क्षारात मुरलेला असतो. सुगंधाने तो झाकला जातो, आणि सुगंध उडाला की पुन्हा वर येतो. तपासायचं असेल तर सकाळी, काहीही न ओतता, कोरड्या संडासाचा वास घ्यावा आणि हातमोजा घालून कड्यावरून बोट फिरवावं. खरखर लागली तर वास परत येणारच.

कडा काढायला सौम्य पर्याय म्हणजे सायट्रिक आम्ल, किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. शंभर ग्रॅम लिंबूफूल एक लिटर कोमट पाण्यात विरघळवावं. आधी भांड्यातलं साठलेलं पाणी ब्रशने आत ढकलून कमी करावं, नाहीतर द्रावण तिथेच पातळ होऊन फुकट जातं. मग जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या त्यात भिजवून कड्यावर चिकटवाव्यात आणि दोन तास ठेवाव्यात. बारीक बुडबुडे दिसले तर काम चालू आहे. बुडबुडे थांबले तरी कडा उरला असेल तर द्रावण संपलेलं असतं, पट्ट्या ताज्या द्रावणात भिजवून पुन्हा लावाव्यात. जाड थराला दोन-तीन फेऱ्या लागतात. तारेच्या घासणीने खरवडू नये, चकाकी ओरखडली की कडा आणखी लवकर बसतो. यात खायचा सोडा मिसळण्याची पद्धत आहे, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि फेसाची गंमत तेवढी उरते.

रोजच्या फरशीला लिंबूफूलही नको, तेही आम्लच. अर्ध्या बादलीत एक चमचा भांड्याचं किंवा कपड्याचं पातळ साबण पुरतं, आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात. साबण जास्त झाला की तोच चिकटा राहतो.

जंतू मारण्याची खरी गरज घरात कुणाला उलटी-जुलाब असतील तेव्हा. आधी घाण पुसून काढावी, मग चार टक्क्यांचं ब्लीच लिटरला २५ मिली मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवावं. त्या दिवशी टॉयलेट क्लीनर आणि लिंबूफूल दोन्ही बाजूला ठेवावं, कारण ब्लीचला आम्ल लागलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद संडासात तो छातीवर बसतो.