स्टार्टअपचं व्हॅल्युएशन आणि शेअरचा भाव

मार्च आला की विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात कुणीतरी सांगतंच, "साहेब, माझ्या दहा लाखांचे चोवीस झाले." कुठे झाले म्हणून विचारावं, तर नव्या कंपन्यांत मिळून पैसे घालणाऱ्या एंजल ग्रुपमधून घेतलेल्या स्टार्टअपमध्ये. बोलणारा शेअर बाजारात मुरलेला असतो, स्मॉलकॅप कसा आपटतो ते त्याला मी सांगायला नको. स्टार्टअपचा शेअरही त्याच जातीचा, फक्त थोडा लहान, असं तो धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो.

किरकोळ फरक पटकन उरकतो. करासाठी बाजारातला शेअर १२ महिन्यांनी दीर्घ मुदतीचा होतो, हा २४ महिन्यांनी. दोन्ही डिमॅटमध्ये दिसू शकतात, म्हणून ते सारखे वाटतात.

खरा फरक भावाचा आहे. आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा भाव पडलेला असला तरी घेणारा समोर उभा असतो. पडलेल्या स्मॉलकॅपलाही बहुतेक दिवशी कुणीतरी गिऱ्हाईक मिळतं. स्टार्टअपचं व्हॅल्युएशन तसं नसतं. शेवटच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराने स्वतःच्या अटींवर नवे शेअर ज्या दराने घेतले, त्या दराने सगळी कंपनी मोजली की तो आकडा येतो. त्याने तुमचा शेअर घेतलेला नसतो. त्याच्या शेअरला बहुधा कंपनी विकली गेल्यास आधी पैसे परत घेण्याचा हक्क असतो, तुमच्या शेअरचा नंबर त्याच्यामागे लागू शकतो. चांगल्या राजापुरीचा भाव लावून तळाचा चुरा मोजावा, तसला हा हिशोब.

चोवीस लाखवाल्यांचाच हिशोब करू. पहिल्या फेरीत कंपनीने २ कोटी उभे केले आणि त्यानंतर ती १० कोटींची ठरली. त्यांच्या १० लाखांना १ टक्का मिळाला. दुसऱ्या फेरीत ६ कोटी आले, कंपनी ३० कोटींची ठरली. नवे शेअर निघाल्याने यांचा हिस्सा ०.८ टक्के उरला, म्हणजे कागदावर २४ लाख. समजा पुढे धंदा बसला आणि कंपनी साडेसहा कोटींना विकावी लागली. ०.८ टक्क्याने ५ लाख २० हजार यावेत असं वाटेल. पण दुसऱ्या फेरीवाल्यांनी आपले ६ कोटी आधी उचलले. उरलेल्या ५० लाखांवर पहिल्या फेरीच्या २ कोटींचा हक्क होता, म्हणून रुपयामागे चार आणे. दहा लाखांचे अडीच. संस्थापकांना शून्य. म्हणून करारातला हा क्रम पैसे देण्याआधी वाचायचा. ग्रुपच्या सादरीकरणात तो शोधू नका, शेअरहोल्डर करार मागा.

मधल्या काळात विकून टाकू म्हणाल, तर कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असते. शेअर हस्तांतरावर निर्बंध असणं हा तिच्या कायद्यातल्या व्याख्येचाच भाग आहे. बहुतेक करारांत आधी बाकीच्या भागधारकांना विचारावं लागतं, आणि मुळात गिऱ्हाईक शोधायचं तुम्हीच. सात-आठ वर्षं पैसे दिसणार नाहीत असं धरून चाला. मुलीचं लग्न, बागेचा नवा मांडव यासाठी ठेवलेला पैसा इथे नको.

बुडण्याचा अंदाज घ्यायचा तर २००७ चा विल्टबँक आणि बोकर यांचा अमेरिकन अभ्यास बघा. एंजल ग्रुपमधल्या १,१३७ व्यवहारांपैकी ५२ टक्क्यांत घातलेले पैसेही परत आले नाहीत. फक्त ७ टक्के दहापटीच्या वर गेले आणि एकूण परताव्यातला तीन चतुर्थांश त्यांनीच दिला. तेच प्रमाण इथे धरलं, तर दोन कंपन्या घेणाऱ्याच्या वाट्याला असली एकही न येण्याची शक्यता ८६ टक्के. बारा घेतल्या तरीही ४२.

म्हणून माझी मर्यादा ठाम आहे: घर आणि शेतजमीन सोडून उरलेल्या गुंतवणुकीच्या ५ टक्के, तेही निदान बारा कंपन्यांत, चार-पाच वर्षांत वाटून. प्रत्येकी दोन लाख म्हटलं तरी २४ लाख होतात, म्हणजे जवळ पावणेपाच-पाच कोटींच्या ठेवी, फंड, शेअर हवेत. नसतील तर स्मॉलकॅप फंड बरा. सेबीच्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत एंजल फंड फक्त मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांसाठी आहेत: वार्षिक उत्पन्न २ कोटी, किंवा साडेसात कोटींची मालमत्ता आणि त्यातली निम्मी आर्थिक, किंवा १ कोटी उत्पन्नासोबत ५ कोटींची मालमत्ता, त्यातलीही निम्मी आर्थिक. तासगावची द्राक्षबाग त्या निम्म्यात धरली जात नाही.

आणि कंपनी मेली म्हणून मार्चमध्ये तोटा दाखवायला येऊ नका. शेअर विकला गेल्याशिवाय किंवा कंपनीचं रीतसर विसर्जन झाल्याशिवाय तो तोटा रिटर्नमध्ये बसवणं अवघड. माझ्या एका पक्षकाराची कंपनी चार वर्षांपूर्वी बंद पडली, शेअर अजून डिमॅटमध्ये आहेत.