कॅप्चर कार्डवर चित्र उशिरा येते किंवा येतच नाही, तेव्हा काय पाहावे

आमच्या दुकानातून कॅप्चर कार्ड नेणाऱ्या ग्राहकांसाठी, इंदूर

गणेशोत्सव जवळ आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कीर्तन, व्याख्यान किंवा मुलांचे कार्यक्रम पुण्या-नागपुरातल्या नातेवाइकांना थेट दाखवायचे असतात. कॅमेरा चांगला असतो, लॅपटॉपही बरा असतो, आणि ऐन वेळी पडद्यावर काळी चौकट तरी येते, नाहीतर बुवांच्या चिपळ्या आधी ऐकू येतात आणि हात मागाहून हलतो. या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून दोन्हींबद्दल वेगवेगळे लिहितो. मेन्यूतली नावे ओबीएस या प्रोग्रामची, तिथे दिसतात तशीच दिली आहेत.

चित्र येतच नाही

सर्वांत आधी ओबीएसमध्ये Video Capture Device जोडून त्यातली Device ही यादी उघडा. यादीत कार्डाचे नावच नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका, दोष यूएसबीच्या बाजूला आहे. हब काढून कार्ड थेट लॅपटॉपला लावा, पोर्ट बदलून पाहा. नाव आहे पण चौकट काळी आहे, तर आधी झूम, ब्राउझर असे कॅमेरा वापरणारे बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करा. विंडोजवर बहुतेक कार्डे एका वेळी एकाच प्रोग्रामला चित्र देतात. विंडोजच्या Privacy & security मधल्या Camera या पानावर डेस्कटॉप प्रोग्रामना परवानगी दिलेली आहे ना, तेही पाहून घ्या.

एवढे करूनही काळेच असेल, तर कॅमेऱ्याकडे वळा. इथे बरेच ग्राहक एका गोष्टीने फसतात. ते कॅमेरा घरच्या टीव्हीला जोडतात, टीव्हीवर चित्र येते, आणि कार्ड खराब आहे असे ठरवून परत आणतात. टीव्हीने फक्त केबल चालू असल्याचे सिद्ध होते. टीव्ही फोर-के पन्नास फ्रेम्सही घेतो, १०८०आयसुद्धा घेतो. स्वस्त कार्डाला फोर-के तीस फ्रेम्सच्या वरचे बहुधा झेपत नाही. कॅमेऱ्याच्या मेन्यूत एचडीएमआय रिझोल्यूशन ‘ऑटो’वर असते, ते हाताने 1080p करा. आमच्याकडे ‘खराब’ म्हणून आलेली कितीतरी कार्डे एवढ्यानेच चालू झाली. त्याच मेन्यूत पडद्यावरची माहिती बंद करायची सोय असते, नाहीतर बॅटरीचे चिन्ह आणि फोकसची चौकट प्रेक्षकांनाही दिसत राहते. काही जुन्या डीएसएलआरमध्ये ही सोयच नाही, म्हणून भाड्याने कॅमेरा घेण्यापूर्वी तपासा.

चित्र येऊन काही मिनिटांनी जात असेल, तर कॅमेऱ्याचे आपोआप बंद होणे थांबवा. कॅमेरा हलवला की जात असेल, तर मायक्रो एचडीएमआयचे तोंड सैल आहे. ते फार नाजूक असते. केबलचा ताण तोंडावर येऊ न देता ती ट्रायपॉडला बांधून टाका.

चित्र उशिरा येते

स्वस्त कार्डाच्या डब्यावर यूएसबी ३.० छापलेले असते, प्लगही निळा असतो, पण आत यूएसबी २.०च असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्याचा परिणाम समजला की पुढचे सोपे जाते. फुल एचडीचे एक चित्र न दाबता पाठवायचे, तर YUY2 या पद्धतीत ते साधारण ४१ लाख बाइटचे होते. सेकंदाला तीस चित्रे म्हणजे सव्वाबारा कोटींच्या वर. यूएसबी २.०ची मर्यादा कागदावर सेकंदाला ६ कोटी बाइटची, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणून YUY2 निवडले की असे कार्ड फुल एचडीत सेकंदाला पाच-दहाच चित्रे देते. MJPEG निवडले, तर कार्ड प्रत्येक चित्र आधी दाबते आणि मग त्याच तारेतून २५ किंवा ३० चित्रे सहज जातात.

यावरूनच कार्डाची परीक्षा घरी करता येते. Resolution/FPS Type मध्ये Custom, रिझोल्यूशन 1920x1080 आणि Video Format मध्ये YUY2 ठेवा, मग FPS ची यादी उघडा. पाच-दहाच्या वर काही नसेल, तर जोडणी यूएसबी २.०ची आहे. खरे ३.० कार्डही जुन्या पोर्टमध्ये असेच दिसते. प्लग अगदी सावकाश आत घातला तरी कधी कधी ते २.०वरच अडकते. म्हणून एकदा काढून, निळ्या पोर्टमध्ये एका दमात घालून पुन्हा पाहा.

रामबागेतल्या एका ग्राहकाचे उदाहरण

कीर्तनाच्या आदल्या दिवशी ते सगळे सामान घेऊन आमच्याकडे आले. आम्ही फोनवर स्टॉपवॉच लावले, कॅमेरा त्यावर धरला, आणि दुसऱ्या फोनने पहिला फोन व लॅपटॉपचा पडदा एकाच फोटोत घेतला. फोनवर १४.८२, लॅपटॉपवर १४.१७, म्हणजे ०.६५ सेकंदाचा उशीर. असे पाच फोटो घेऊन मधला आकडा धरायचा. त्यांचे आकडे प्रत्येक फोटोत बरेच बदलत होते, आणि चित्रे फार कमी येत असल्याची ती खूण होती.

Video Format बदलून MJPEG केले आणि FPS 25 ठेवले. उशीर ०.३४ वर आला. मग Buffering समोर Disable निवडले, तेव्हा ०.१९ झाला. हब काढल्यावर आकडा बदलला नाही, पण मधूनमधून बसणारा झटका गेला. त्यांचा कॅमेरा ५० फ्रेम्सवर होता आणि ओबीएस ३० वर, त्यामुळे हलणारा हात अडखळत दिसत होता. Settings मधल्या Video या पानावर 25 PAL केल्यावर तेही थांबले. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने कॅमेरा २५ किंवा ५० वर आणि शटर १/५० वर ठेवले, तर हॉलचे दिवेही लुकलुकत नाहीत.

राहिला आवाज. तो मिक्सरमधून थेट लॅपटॉपमध्ये येत होता, म्हणून चित्राच्या पुढे पळत होता. Advanced Audio Properties मध्ये Sync Offset ला मिलिसेकंद भरायचे असतात. ०.१९ मध्ये लॅपटॉपच्या पडद्याचा स्वतःचाही थोडा उशीर धरलेला असतो, आणि तो प्रेक्षकांपर्यंत जात नाही. म्हणून १९० न भरता १५० पासून सुरुवात केली. टाळी वाजवून थोडे रेकॉर्ड केले, ऐकले, आणि १६० वर जुळले. आवाज कॅमेऱ्यातूनच एचडीएमआयने येत असेल, तर बहुधा हे काही करावे लागत नाही.

अशा कार्डाचा उशीर शून्यावर येणार नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो. दूरच्या प्रेक्षकांना तो जाणवत नाही. पण मंचावरच्या किंवा सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तेच चित्र दाखवायचे असेल, तर ते संगणकातून नेऊ नका. स्प्लिटर लावून कॅमेऱ्याचे चित्र थेट पडद्याला द्या, किंवा लूप-आउट असलेले कार्ड घ्या.

तपासणीसाठी येताना कॅमेरा, त्याची चार्ज केलेली बॅटरी, तुम्ही वापरता तीच केबल आणि तोच लॅपटॉप आणावा. आमच्या केबलवर सगळे चाललेले पाहून तुम्ही घरी गेलात आणि दोष तुमच्या केबलमध्येच निघाला, तर कीर्तनाच्या वेळी धावपळ तुमचीच होते. शक्यतो कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी या, म्हणजे केबल बदलायची झाली तर जेल रोडवर जाऊन आणायला वेळ मिळतो.