बारा आकडे दिसले म्हणजे आधार नव्हे

कर्ज देणाऱ्या एखाद्या कंपनीचा विचार करा. ग्राहकांची नावं आणि आधार क्रमांक असलेली एक्सेल शीट कोणीतरी स्वतःच्या जीमेलवर पाठवेल, ही तिची धास्ती. चोरीचा हेतू असेलच असं नाही. अनेकदा शनिवारी घरी बसून काम उरकायचं असतं, एवढंच. म्हणून बाहेर जाणारा प्रत्येक मेल तपासून माहितीची गळती रोखणारी डीएलपी यंत्रणा बसवली जाते. पण शीटमधला आकडा आधारचाच आहे, हे तिला कळतं कसं?

आधार क्रमांक बारा अंकी असतो, 0 किंवा 1 ने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. डच गणितज्ञ व्हेरहोफ यांनी 1969 मध्ये मांडलेली ही रीत. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही.

गोची अशी, की यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही बारा अंकीच असतो. असा कुठलाही बारा अंकी आकडा या कसोटीला योगायोगाने उतरण्याची शक्यता दहात एक. म्हणजे अकाउंट्सवाल्यांनी 500 व्यवहारांची यादी ऑडिटरला धाडली, की त्यात पन्नासेक ‘आधार क्रमांक’ सापडणार आणि मेल अडकणार. आठवड्यात चार वेळा असं झालं, की वैतागून कोणीतरी नियमच बंद करायला लावतो.

यावर खरा उपाय म्हणजे कंपनीच्या ग्राहकयादीशीच ताडून पाहणं. त्यासाठी प्रत्येक क्रमांकाचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ आकडा उघड दिसत नाही असा ठसा, यंत्रणेकडे ठेवतात. मेलमधल्या आकड्याचा ठसा जुळला आणि त्याच ग्राहकाचं नावही जवळपास असलं, तरच मेल रोखायचा. मग यूपीआयची यादी सुखरूप जाते. मात्र आधार क्रमांक मर्यादित असल्याने साध्या हॅशवरून सगळे आकडे करून पाहत मूळ क्रमांक शोधता येतो; म्हणून हॅश काढताना आकड्यात गुप्त मजकुराची भर घालावी लागते.

फाइलवर ‘गोपनीय’ लेबल लावलं की काम भागेल, असं वाटतं. एक्सेलमध्ये ते फाइलच्या गुणधर्मांत नोंदवलेलं असतं. तीच शीट ‘सेव्ह ॲज’ करून सीएसव्ही केली, की उरतो नुसता मजकूर. लेबलला तिथे जागाच नाही. मजकूर कॉपी करून मेलमध्ये चिकटवला तरी तेच. त्यामुळे लेबल असो वा नसो, आतला मजकूर तपासावाच लागतो.

आणि जीमेल ब्राउझरमध्ये उघडून फाइल जोडली, तर ती कंपनीच्या मेल सर्व्हरकडे फिरकतच नाही. ती पकडायला सहसा लॅपटॉपवरच एजंट, म्हणजे नजर ठेवणारा छोटा प्रोग्राम, लागतो. पासवर्ड घातलेली झिप मात्र आत पाहता येत नाही म्हणून अनेकदा सरसकट अडवतात, आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो यातल्या कशालाच दिसत नाही.