गेममधला न बोलणारा नायक : पार्श्वभूमी

इंग्रजीत ज्याला सायलेंट प्रोटॅगॉनिस्ट म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं, इथूनच घोळ सुरू होतो. कुणीतरी हमखास 'मूकनायक' सुचवतं. हा शब्द १९२० सालापासून एका पाक्षिकाच्या नावाने मराठीत पक्का बसलेला आहे, आणि तिथे समास सोडवला की 'मुक्यांचा नायक' असा सुटतो. ज्यांना बोलू दिलं नाही त्यांच्या वतीने बोलणारा. गेममधला प्रकार नेमका उलटा आहे. सगळं जग बडबडतं आणि नायक तेवढा गप्प.

'मूक नायक' असं तोडून लिहिलं तरी पेच सुटत नाही, कारण या मंडळींत मुका असा क्वचितच कुणी असतो. न बोलण्याच्या आपल्याकडे निदान चार जाती आहेत. मुक्याला बोलता येत नाही. अबोल माणूस स्वभावानेच कमी बोलतो. मौन पाळणारा ठरवून बोलत नाही. आणि अबोला धरलेला माणूस जगाशी बोलेल, पण तुमच्याशी नाही. इंग्रजी संज्ञेने हे सगळे एकाच पोत्यात भरलेत. शिवाय गेममध्ये एक पाचवी जात आहे: नायक बोलतो, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. ती ओळखायची खूण सोपी आहे. समोरचं पात्र उत्तर मिळाल्यासारखं पुढे बोलू लागलं, तर नायक बोललेला असतो. उत्तराची वाटच न पाहता ते आपलं म्हणणं पुढे रेटत असेल, तर तो खरोखर गप्प आहे.

'झेल्डा' मालिकेतला लिंक या सगळ्या जातींतून फिरून आलाय. १९८७ च्या दुसऱ्या भागात टेबलाखाली आरसा सापडल्याचं वाक्य चक्क त्याच्या तोंडी आहे. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मात्र राजकन्येच्या डायरीतून कळतं की सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून हा पोरगा आपलं ओझं मनातच ठेवतो. म्हणजे तीस वर्षांनी कथेने त्याच्या गप्प बसण्याला कारण दिलं, आणि तो मौनाच्या खात्यात गेला.

सुरुवात कुठून झाली हे शोधताना बहुतेक जण मेमरीकडे बोट दाखवतात. १९८६ ची 'ड्रॅगन क्वेस्ट' अवघ्या ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवली होती, अक्षरं वाचवण्यासाठी त्यात काताकाना लिपीचीही काटछाट केली होती. पण तेवढ्याच जागेत गावकरी, राजा, दुकानदार सगळे बोलतात. गप्प आहे तो नायकच, आणि त्याच्या वाट्याला फक्त 'होय' आणि 'नाही' येतं. त्यातलं 'नाही'सुद्धा दरवेळी खरं नसतं. सुटका झालेली राजकन्या विचारते, मला बरोबर नेशील? 'नाही' म्हणा, ती दुखावून पुन्हा तेच विचारते, आणि तुम्ही 'होय' म्हणेपर्यंत विचारतच राहते. शेवटी खलनायक अर्धं जग देऊ करतो तेव्हा मात्र 'होय' खरं धरलं जातं आणि डाव तिथेच बुडतो. तुम्ही बोललात याची किंमत गेम कधी मोजतो आणि कधी नाही, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढची काही वर्षं मी सोडून देतो. माझी ओळख या गप्प लोकांशी झाली ती २००२ च्या आसपास, सदाशिव पेठेतल्या एका जिन्याखालच्या सायबर कॅफेत. तासाला वीस रुपये, एका खुर्चीवर एक जण, पाठीमागे चार. पडद्यावर 'जीटीए थ्री'. हेडफोनचा एकच कान चालायचा, पण बिघडत काहीच नव्हतं, कारण नायक बोलायचाच नाही. त्याच्या वाटची बडबड मागचे चौघे करायचे, तीही अस्सल पेठी मराठीत. गाडी हिसकावताना "काका, जरा उतरता का?" आणि पोलीस मागे लागले की "लायसन घरी राहिलं हो!" मग 'व्हाइस सिटी' आली. तिचा नायक तोंड उघडतो, आणि उघडतो ते अमेरिकन गुंडाच्या आवाजात. गेम सगळ्या अंगांनी सरस होता, आम्ही तो जास्तही खेळलो. फक्त मागच्या चौघांचं काम गेलं.

तर आवाज ठेवायला जागा नव्हती, हे कारण १९९८ मध्ये पूर्ण निकालात निघतं. त्या वर्षी आलेल्या 'हाफ-लाइफ'मध्ये शास्त्रज्ञ बोलतात, पहारेकरी विनोद करतात, नायकाने घातलेला संरक्षक पोशाखसुद्धा बाईच्या आवाजात जखमेची माहिती देतो. गप्प आहे तो एकटा गॉर्डन फ्रीमन. आणि हा माणूस काही कोरी पाटी नाही. त्याला नाव आहे, चष्मा आहे, दाढी आहे, एमआयटीची भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट आहे. खेळताना मात्र यातलं काहीच दिसत नाही, कारण कॅमेरा एकदाही त्याच्या डोळ्यांबाहेर पडत नाही. मध्येच नियंत्रण काढून घेऊन सिनेमासारखं दृश्य दाखवायचं नाही, हा या गेमचा कटाक्ष होता. आवाज नसणं हा त्याच निर्णयाचा दुसरा अर्धा भाग आहे. नायकाने एक वाक्य बोलायचं तर तेवढ्या वेळापुरता तो तुमच्या हातातून निघून जातो.

या रचनेचा सगळ्यात चांगला नमुना २००४ च्या 'हाफ-लाइफ २'च्या पहिल्या काही मिनिटांत आहे. कोथरूडच्या एका मित्राकडे नवीन ग्राफिक्स कार्ड आलं, म्हणून आम्ही तिघे तिथे जमलो होतो. फ्रीमन रेल्वे स्टेशनवर उतरतो. शहर परकीय सत्तेखाली आहे, तोंड झाकलेले पोलीस प्रवाशांना हाकताहेत. पुढच्या दाराशी त्यातला एक जण वाट अडवतो, दंडुक्याने शीतपेयाचा रिकामा कॅन मुद्दाम खाली पाडतो आणि हुकूम सोडतो: तो उचल. उचलला की दुसरा हुकूम: कचऱ्याच्या डब्यात टाक.

आता इथे संवादाची यादी उघडत नाही, वेळ थांबत नाही. तुमच्याकडे फक्त आत्ताच शिकलेल्या दोन गोष्टी आहेत: `E` दाबून वस्तू उचलणं आणि माउसच्या डाव्या बटणाने ती फेकणं. कॅन डब्यात टाकलात तर पोलीस हसतो आणि वाट मोकळी करतो. ते हसू खऱ्या अर्थाने झोंबतं, कारण खाली वाकलेलं पात्र नसतं, तुम्ही असता. कॅन त्याच्या तोंडावर मारलात तर तो दंडुका घेऊन मागे लागतो, आणि तो दारातून हलल्यामुळे चार फटके खाऊन तरी तुम्ही निसटता. पुढची कथा दोन्हीकडे तीच. पुढे गेमने या दोन्ही कृतींसाठी वेगवेगळी बक्षीसपदकंही ठेवली, एक नमणाऱ्याचं आणि एक उद्धटाचं.

आमच्यातल्या पहिल्याने मुकाट्याने कॅन टाकला. दुसऱ्याने "उचलतो ना साहेब, थांबा" म्हणत अगदी अदबीने उचलला आणि मग फेकून मारला. हे वाक्य गेममध्ये कुठेही नाही. फ्रीमनला आवाज दिला असता तर त्या जागी कुणीतरी लिहिलेलं एक बाणेदार वाक्य ऐकू आलं असतं, आणि आमच्या मित्राची ती खोटी अदब उमटायला जागाच उरली नसती. शब्दाने द्यायचं उत्तर हाताने देता येतं, आणि त्यावर शब्द प्रत्येकाने आपापले लावायचे. गप्प नायक खेळणाऱ्याला देतो ते हे.

पण हे साधायला इतर पात्रांची वाक्यं फार वाकवावी लागतात. कुणीही फ्रीमनला साधा प्रश्न विचारून थांबू शकत नाही. विचारलाच तर दुसऱ्या पात्राने मध्ये पडून तो उचलायचा, किंवा काहीतरी स्फोट व्हायचा. त्याची सहकारी ॲलिक्स पहिल्याच भेटीत त्याच्या कमी बोलण्यावर शेरा मारते. हा विनोद म्हणजे भोकावर लावलेलं ठिगळ आहे, चांगल्या कापडाचं, पण ठिगळच. दुसरी अडचण खेळणाऱ्याच्या मोकळ्या हातांची. प्रयोगशाळेत सगळे जमून महत्त्वाचं सांगत असतात, आणि तुम्ही टेबलावर उड्या मारत असता किंवा तिथल्या, वस्तू एका जागेवरून दुसरीकडे पाठवणाऱ्या छोट्या टेलिपोर्टरमध्ये हाताला लागेल ते घालून पाहत असता. दृश्याचं गांभीर्य तिथेच सांडतं.

तिसरी अडचण मला खरी मर्यादा वाटते. २००७ च्या 'एपिसोड टू'च्या शेवटी ॲलिक्सच्या वडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारलं जातं. ती त्यांच्या देहावर पडून रडते आणि फ्रीमन तिथेच असतो. इथे फेकायला कॅन नाही, करायला कृती नाही. शब्दाची जागा भरून काढणारा हातच बांधलेला असला की तीच शांतता दगडासारखी वाटते. म्हणजे गप्प नायक चालतो तो हात मोकळे असेपर्यंत.

उलट्या बाजूचा निर्णय २०१५ चा, आणि त्यावर अजून वाद घातला जातो. 'फॉलआउट' मालिकेत तोवर नायकाची पूर्ण वाक्यं यादीत दिसायची, तुम्ही एक निवडायचात, आणि ते मनातल्या मनात आपल्या सुरात वाचलं जायचं. 'फॉलआउट ४'मध्ये एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन कलाकारांकडून प्रत्येकी सुमारे १३ हजार ओळी बोलून घेतल्या गेल्या. प्रत्येक ओळ ध्वनिमुद्रित करायची म्हटल्यावर पर्याय आटले: दर वेळी चारच, तेही एकदोन शब्दांचे. एका पर्यायावर नुसतं 'उपरोधिक' एवढंच लिहिलेलं असायचं. नेमका कोणता टोमणा बाहेर पडणार हे बटण दाबल्यावर कळायचं. पुण्यात टोमण्याचा मजकूर आधी न दाखवता तो मारायला सांगणं म्हणजे कारागिराला हत्यार न दाखवता काम सांगण्यासारखं आहे! थोड्याच दिवसांत चाहत्यांनी पूर्ण वाक्यं दाखवणारा मॉड, म्हणजे गेममध्ये वरून बसवायचा बदल, करून टाकला.

आवाजाच्या बाजूनेही बोलायला हवं. 'फॉलआउट ४'चा नायक हरवलेल्या मुलाला शोधणारा पालक आहे, आणि ती कळ आवाजातून येते, यादीतून आली नसती. पण त्याच कळेमुळे तो माणूस वाटेत तासन्‌तास भंगार गोळा करत हिंडताना खोटा वाटू लागतो. गप्प असता तर ही विसंगती खेळणाऱ्याने आपली म्हणून पचवली असती. त्याच निर्मात्यांच्या २०२३ च्या 'स्टारफिल्ड'मध्ये नायकाचा आवाज पुन्हा काढला आणि लांब वाक्यांची यादी परत आणली.

शेवटी पुन्हा शब्दाकडे. 'अबोला' या जातीचा नायक शोधायचा तर माझं मत 'पोर्टल'च्या चेलला. तिच्याशी यंत्रं सतत बोलतात, लाडीगोडी लावतात, अपमान करतात, आणि एक तर तिला मुकी म्हणून हिणवतं. ती एक अक्षर बोलत नाही. तिला बोलता येत नसावं असं मला वाटत नाही. ज्यांनी कोंडून ठेवलं त्यांच्याशी ती बोलणार नाही, एवढंच. २०११ च्या दुसऱ्या भागात एक यंत्र तिच्या मेंदूला इजा झाली का हे तपासायला 'सफरचंद' म्हणून दाखव असं सांगतं. पडद्यावर सूचना येते की बोलण्यासाठी स्पेसबार दाबा. तुम्ही तो दाबता, आणि ती उडी मारते.